स्वरचिन्हे नसलेल्या अरबी वाक्यात कर्ता, कर्म आणि षष्ठी कशी ओळखावी?

मेघना_मस्कत

नमस्कार. अरबी शिकणाऱ्या आणि शिकलेल्या सर्वांना एक प्रश्न विचारायचा आहे.

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि नामाची विभक्ती बहुतेक वेळा नेमकी त्याच शेवटच्या ऱ्हस्व स्वराने दाखवली जाते. 'अल्-किताब' या शब्दाच्या शेवटी उ आला तर तो रफ़अ, म्हणजे ढोबळमानाने आपली प्रथमा. अ आला तर नस्ब, म्हणजे द्वितीया. इ आला तर जर्र, म्हणजे षष्ठी. छापील वर्तमानपत्रात मात्र तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच आणि तेवढीच असतात. माझ्या पहिल्या दोन पाठ्यपुस्तकांत प्रत्येक अक्षरावर स्वरचिन्हे होती, त्यामुळे ही अडचण कधी जाणवली नाही. आता वृत्तपत्र वाचायला घेतले आणि पहिल्याच बातमीत अडखळले:

'इस्तक़्बल रईस अल्-वुज़रा वज़ीर अल्-ख़ारिजिय्या अल्-मिस्री.'

'इस्तक़्बल' म्हणजे स्वागत केले. पुढे पंतप्रधान आहेत, परराष्ट्रमंत्री आहेत आणि 'इजिप्तचा' हे विशेषण आहे. कोणी कोणाचे स्वागत केले, आणि इजिप्तचे कोण? आमचे शिक्षक सांगतात की आधी अर्थ समजून घ्या, मग शेवटचे स्वर आपोआप लागतील. पण स्वर कळल्याशिवाय अर्थ कसा लागणार, हेच मला उमगत नाही. अनुभवी वाचक या गाठीची उकल नेमकी कोणत्या टोकापासून सुरू करतात?

निळकंठ_सातारा

चांगला प्रश्न आहे. आपल्याकडेही हे होतेच. 'मुलगा आंबा खातो' या वाक्यात मुलगा आणि आंबा या दोन्ही शब्दांना प्रत्यय नाही, तरी कोण कोणाला खातो याविषयी कोणाला शंका येत नाही. सजीव कर्म असेल तर मराठी लगेच 'ला' लावते, म्हणजे जिथे गोंधळ होण्याचा संभव आहे तिथे भाषा स्वतःच काळजी घेते. षष्ठीला तर चा-ची-चे कायमच असते. म्हणून माझ्या मते प्रत्यय नसला तरी अर्थावरून विभक्ती ठरवावी, इतके पुरे आहे.

दोहाकर

निळकंठराव, मेघनाताईंचा प्रश्न अरबीविषयी आहे. मराठीत प्रत्यय खरोखरच नसतो. तिथे तो असतो, उच्चारलाही जातो, फक्त लिहिलेला नसतो. आणि त्या वाक्यात दोघेही मंत्री आहेत. आंब्यासारखा निर्जीव पदार्थ असता तर प्रश्नच पडला नसता.

मेघनाताई, कामाच्या निमित्ताने मी बरीच वर्षे अरबी पत्रव्यवहार वाचतो आणि तीन नियमांवर माझे काम भागते. पहिला, क्रियापद आधी येते, लगेच नंतरचे नाम कर्ता आणि त्याच्या नंतरचे कर्म. दुसरा, शब्दाच्या शेवटी अलिफ़ हे जादा अक्षर दिसले की ते कर्म. तिसरा, 'फ़ी', 'मिन', 'इला', 'अला' यांच्यासारख्या अव्ययानंतर जे नाम येईल ते जर्र. तुमच्या वाक्यात पंतप्रधान आधी आले आहेत, म्हणून स्वागत त्यांनी केले.

खाडीकाठ

दोहाकर यांचे उत्तर बरोबर आले आहे, पण त्यांच्या नियमांत एक पायरी गळली आहे आणि मेघनाताईंची खरी अडचण त्याच पायरीवर आहे. त्या वाक्यात क्रियापदानंतर दोन नामे नाहीत, चार आहेत: रईस, वुज़रा, वज़ीर, ख़ारिजिय्या. 'पहिले नाम कर्ता, दुसरे कर्म' हा नियम शब्दशः लावला तर दुसरे नाम 'अल्-वुज़रा', म्हणजे 'मंत्री' हे अनेकवचन, कर्म ठरेल आणि अध्यक्षांनी मंत्र्यांचे स्वागत केले असा भलताच अर्थ निघेल.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. लहानपणी मदरशात नह्व, म्हणजे अरबी वाक्यव्याकरण, शिकलो आणि पुढे तेच शिकवत आलो. आमचे उस्ताद सांगत, कर्ता-कर्म शोधण्याआधी षष्ठीच्या जोड्या बांधून घ्या. दोन नामे शेजारी आली, पहिल्याला निश्चितता दाखवणारा 'अल्' नाही आणि दुसऱ्याला आहे, तर ती बहुधा जोडी असते: 'रईस अल्-वुज़रा', मंत्र्यांचा प्रमुख. जोडीतले दुसरे नाम जर्र, ते तिथेच मिटले. आता महत्त्वाची गोष्ट अशी की 'अल्' लागलेले नाम आले की साखळी तिथे बंद होते, त्याच्यापुढे आणखी षष्ठी जोडता येत नाही. म्हणून 'वज़ीर' हा शब्द 'वुज़रा'ला चिकटू शकत नाही. त्याच्यापासून नवी जोडी सुरू होते, 'वज़ीर अल्-ख़ारिजिय्या'. एवढे झाले की चार नामांच्या दोन गाठोड्या उरतात आणि मग दोहाकर यांचा क्रमाचा नियम लागू पडतो. पहिली गाठोडी कर्ता, म्हणून 'रईस'च्या शेवटी उ. दुसरी कर्म, म्हणून 'वज़ीर'च्या शेवटी अ.

'अल्-मिस्री' हे पुल्लिंगी आहे. 'ख़ारिजिय्या' स्त्रीलिंगी आहे, म्हणून हे विशेषण तिचे नाही, ते वज़ीरचे आहे. इजिप्तचे परराष्ट्रमंत्री. स्त्रीलिंगी विशेषणाला शेवटी गोल 'ता' लागते आणि ती छपाईत दिसते, त्यामुळे इथे स्वरांची गरजच पडली नाही.

तेव्हा मेघनाताई, तुमच्या शिक्षकांच्या वाक्यात थोडा बदल करतो: आधी अर्थ नव्हे, आधी रचना. रचना 'अल्', लिंग आणि क्रम यांवरून दिसते, आणि ती पुष्कळदा अर्थाच्या अगोदर हाती येते.

शर्वरी_कुवेत

माझे शालेय शिक्षण कुवेतमध्ये झाले, म्हणून वेगळे मत मांडते. रोजच्या बोलण्यात हे शेवटचे स्वर कोणीही उच्चारत नाही. बातम्या वाचणारे निवेदकसुद्धा वाक्याच्या शेवटी थांबताना अखेरचा ऱ्हस्व स्वर सोडून देतात. माझ्या वर्गातली अरबी मुले वृत्तपत्र झरझर वाचत, पण मोठ्याने वाचायला सांगितले की रफ़अ-नस्बमध्ये चुकत. याचा अर्थ समजण्यासाठी विभक्ती लागत नाही. ती मोठ्याने वाचण्यापुरती आणि परीक्षेपुरती लागते. मेघनाताईंनी त्यामागे वेळ घालवण्याऐवजी शब्दसंग्रह वाढवावा, असे मला मनापासून वाटते.

मेघना_मस्कत

खाडीकाठ साहेब, 'अल्' आल्यावर साखळी बंद होते ही गोष्ट मला कोणी अशी सांगितली नव्हती. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच तीन बातम्यांचे मथळे सोडवून पाहिले आणि जोड्या खरोखरच सुटत गेल्या.

शर्वरी, तुझे म्हणणे पटण्यासारखे आहे, पण त्या मुलांच्या कानांवर जन्मापासून अरबी वाक्यांची ठेवण पडलेली होती. माझ्याकडे ती पुंजी नाही. रचना जाणीवपूर्वक ओळखल्याशिवाय मला वाक्य लागत नाही.

आणखी एक शंका आहे. दोहाकर म्हणतात की शेवटी अलिफ़ दिसला की कर्म. तो नियम कितपत भरवशाचा?

उर्दूप्रेमी_औरंगाबाद

अलिफ़विषयी मी सांगू शकतो. उर्दूत 'फ़ौरन', 'मसलन', 'तक़्रीबन' हे शब्द शेवटी अलिफ़ देऊनच लिहितात आणि ते सगळे अरबीतून आलेले आहेत. 'फ़ौरन' म्हणजे ताबडतोब; त्यात कर्माचा काही संबंध नाही. म्हणून अलिफ़ म्हणजे कर्म हे समीकरण निदान या शब्दांना तरी लागू होत नाही.

खाडीकाठ

उर्दूप्रेमी यांनी नेमके बोट ठेवले. तो अलिफ़ नस्बचा आहे हे खरे, पण नस्ब म्हणजे केवळ कर्म नव्हे. अरबीत क्रियाविशेषणासारखी येणारी नामे नस्बमध्ये असतात. कर्त्याची स्थिती सांगणारा शब्दही नस्बमध्ये असतो. 'जा अल्-वलद राकिदन', मुलगा धावत आला, यात 'राकिदन'ला अलिफ़ आहे आणि वाक्यात कर्मच नाही. 'कान', म्हणजे 'होता', या क्रियापदाच्या वाक्यात विधेयाला नस्ब येते: 'कान अर्-रजुल मरीदन', माणूस आजारी होता. तेव्हा अलिफ़ दिसला तर एवढेच म्हणावे की हे नाम कर्ता नाही आणि षष्ठीतही नाही. हेही थोडे नाही.

उलट बाजूने अधिक सावध राहावे लागते. अलिफ़ नाही म्हणून नस्ब नाही, असे कधीही समजू नये. 'अल्' असलेल्या नामाला तो अलिफ़ येतच नाही. गोल 'ता'ने संपणाऱ्या नामाला येत नाही. 'सय्यारात'सारख्या 'आत'ने संपणाऱ्या अनेकवचनाला येत नाही. 'मदारिस', 'मसाजिद' या साच्याच्या अनेकवचनांनाही येत नाही. 'बना अल्-वज़ीर मदारिस', मंत्र्याने शाळा बांधल्या, यात 'मदारिस' अनिश्चित आहे, कर्म आहे, आणि तरीही त्याच्या शेवटी काहीच लिहिलेले नसते. नवशिक्या वाचकाला इथे 'वज़ीर मदारिस' ही षष्ठीची जोडी वाटू शकते, पण 'वज़ीर'ला 'अल्' आहे, म्हणून ती जोडी होऊच शकत नाही. पुन्हा तोच नियम कामी आला.

दोहाकर

अलिफ़चा नियम मी फारच सरसकट मांडला हे मान्य. क्रमाचा नियम मात्र मी सोडणार नाही. वर्तमानपत्री गद्यात तो दगा देत नाही.

खाडीकाठ

तो बहुतेक वेळा साथ देतो, पण एका नेहमीच्या जागी फसवतो. हे वाक्य पाहा: 'वसल अल्-वज़ीर इला अल्-आसिमा व ज़ार अल्-मत्हफ़.' मंत्री राजधानीत पोहोचले आणि त्यांनी संग्रहालयाला भेट दिली. 'ज़ार' या क्रियापदानंतर लगेच 'अल्-मत्हफ़' आले आहे, पण ते कर्ता नाही. कर्ता मागच्या वाक्यातून चालत आला असून क्रियापदातच दडला आहे. संग्रहालय कोणाला भेट द्यायला जात नाही, म्हणून इथे अर्थाने सांभाळून घेतले. आता 'अल्-मत्हफ़'च्या जागी 'अल्-मुहाफ़िज़', म्हणजे राज्यपाल, घालून पाहा. मंत्र्यांनी राज्यपालांची भेट घेतली की राज्यपालांनी येऊन कोणाची भेट घेतली? सर्वसाधारण वाचक पहिला अर्थ घेईल, कारण दुसऱ्या अर्थासाठी भेट कोणाची हे सांगणारे कर्म उरतच नाही. म्हणजे रिकामी राहिलेली जागासुद्धा साक्ष देते.

याहून अवघड प्रकार कर्मणि क्रियापदाचा. 'क-त-ब' ही तीन अक्षरे 'कतब', त्याने लिहिले, अशीही वाचता येतात आणि 'कुतिब', लिहिले गेले, अशीही. पुढे 'अद्-दर्स' आले तर पहिल्या वाचनात धडा कर्म होतो, नस्ब. दुसऱ्यात तोच रफ़अ होतो. त्या दोन शब्दांत कोणताही पुरावा नसतो. काळजीपूर्वक छापणारे प्रकाशक अशा ठिकाणी पहिल्या अक्षरावर फक्त एक उकाराची खूण देतात. वाचताना असे एकटे चिन्ह दिसले तर ते सहसा उगाच दिलेले नसते, तिथे थांबून पाहावे.

वैदेही_जोशी

मी संस्कृत शिकवते, त्यामुळे हा धागा कुतूहलाने वाचत आहे. संस्कृतात 'फलम्' प्रथमाही असते आणि द्वितीयाही, पण वाक्यातला दुसरा शब्द, उदाहरणार्थ 'बालः' किंवा 'बालेन', लगेच निर्णय देतो. अरबीतही असा साक्षीदार शब्द मिळतो का? की दोन्ही शब्द नेहमीच मुके असतात?

खाडीकाठ

वैदेहीताई, हाच माझ्या मते या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. हो, मिळतो. अरबीत काही नामांची विभक्ती दीर्घ स्वराने होते आणि दीर्घ स्वर लिहिले जातात. पुरुषवाचक नियमित अनेकवचनात 'मुहन्दिसून' हे रफ़अ आणि 'मुहन्दिसीन' हे नस्ब किंवा जर्र. द्विवचनात 'आन' आणि 'ऐन'. बाप, भाऊ अशा मोजक्या शब्दांत तर तिन्ही रूपे वेगळी दिसतात: 'अबू ख़ालिद', 'अबा ख़ालिद', 'अबी ख़ालिद'.

आता दोन वाक्ये शेजारी ठेवा. 'इस्तक़्बल अल्-वज़ीर अल्-मुहन्दिसीन' आणि 'इस्तक़्बल अल्-वज़ीर अल्-मुहन्दिसून'. क्रम तोच, फरक एका अक्षराचा, ये की वाव. पहिल्यात 'ईन' दिसते, म्हणून अभियंते कर्ता नाहीत. ते षष्ठीत असतील का? नाही, कारण 'अल्-वज़ीर' साखळी सुरू करू शकत नाही. म्हणजे ते कर्म, आणि मग मुका 'वज़ीर' आपोआप कर्ता ठरला. दुसऱ्या वाक्यात 'ऊन' आहे, म्हणून स्वागत अभियंत्यांनी केले आणि मंत्री कर्म, जरी तो आधी आला तरी. एका बोलक्या शब्दाने दोघांचा निकाल लागतो.

एक बारकावा लक्षात ठेवावा: छपाईत 'ईन' आणि द्विवचनाचे 'ऐन' सारखेच दिसते. त्यामुळे अभियंते दोन की अनेक हे कळत नाही. विभक्तीचा निर्णय मात्र बदलत नाही.

क्रियापदाचे लिंगही साक्षीदार असते. व्याकरणाच्या वर्गात 'दरब मूसा ईसा' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मूसा आणि ईसा या नावांच्या शेवटी दीर्घ आ असल्याने तिथे विभक्तीचा स्वर उच्चारातही येत नाही. अशा वेळी क्रमच पाळावा लागतो, पहिला तो मारणारा. पण 'दरबत मूसा सल्मा' म्हटले की क्रियापद स्त्रीलिंगी झाले, म्हणून मारणारी सल्मा, ती नंतर आली तरी.

निळकंठ_सातारा

मूसा-ईसाचे उदाहरण फार आवडले. म्हणजे जिथे शब्द मुका होतो तिथे क्रम कडक होतो, आणि जिथे शब्द बोलतो तिथे क्रम सैल सोडता येतो. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही, पण 'आंबा मुलगा खातो' म्हटले तरी चालते, कारण तिथे अर्थच पहारा देतो. पहिल्या प्रतिसादात मी दिलेले उदाहरण अगदीच अस्थानी नव्हते, असे आता म्हणावेसे वाटते.

वैदेही_जोशी

अर्थ पहारा देतो हे खरे, निळकंठराव, पण तो कुठे अपुरा पडतो याची एक कथा मी वाचली आहे. अरबी व्याकरणाच्या परंपरेत अबुल अस्वद अद्-दुअली यांचे नाव आद्य व्याकरणकार म्हणून घेतात. त्यांचा मृत्यू इ.स. 688च्या सुमाराचा. सांगतात की त्यांच्या मुलीला 'आकाश किती सुंदर आहे!' असे म्हणायचे होते, पण तिने शेवटचे स्वर चुकवले आणि वडिलांना ते 'आकाशात सर्वांत सुंदर काय?' असे ऐकू आले. त्यांनी उत्तर दिले, 'तारे.' खाडीकाठ साहेब, ही कथा ऐतिहासिक असो वा नसो, ती व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे का?

खाडीकाठ

अगदी बरोबर आहे, आणि मेघनाताईंच्या तिन्ही विभक्ती त्या एका साच्यात बसतात. आकाशाऐवजी विद्यार्थी घेतो. 'मा अह्सन अत्-तालिब' ही अक्षरे कागदावर एकसारखीच राहतात. 'मा अह्सन-अ अत्-तालिब-अ', नस्ब: विद्यार्थी किती चांगला! 'मा अह्सन-उ अत्-तालिब-इ', जर्र: विद्यार्थ्यातले सर्वांत चांगले काय? 'मा अह्सन-अ अत्-तालिब-उ', रफ़अ: विद्यार्थ्याने चांगले केले नाही. आजच्या छपाईत उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि पूर्णविराम हे तिघे मिळून तो निकाल देतात. जुन्या हस्तलिखितांत ती सोय नव्हती. तिथे मागचे-पुढचे वाक्य वाचूनच ठरवावे लागे.

शर्वरी_कुवेत

हे उदाहरण पाहून माझे म्हणणे थोडे मवाळ करते. तरीही मला वाटते की प्रत्यक्ष वाचनात असे प्रसंग अगदी विरळा येतात, आणि शिकणाऱ्याने विरळ प्रसंगांसाठी सगळ्या वाक्यांची चिरफाड करू नये. सरावाने डोळा बसतो.

दोहाकर

शर्वरी, विरळा नाहीत. माझ्या कामातलेच एक उदाहरण देतो. आमच्याकडे एक पत्र आले, त्यात 'मुदीर अल्-मक्तब अल्-जदीद' यांच्याशी संपर्क साधावा असे होते. आम्ही 'कार्यालयाचे नवे व्यवस्थापक' असे समजून ते पत्र जुन्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या गृहस्थांकडे पाठवले. पाठवणाऱ्याला 'नव्या कार्यालयाचे व्यवस्थापक' अभिप्रेत होते. मुदीर पुल्लिंगी, मक्तबही पुल्लिंगी, म्हणून लिंगावरून काहीच कळले नाही. खाडीकाठ साहेब, तुमच्या पद्धतीने हे सुटते का?

खाडीकाठ

नाही, हे कागदावर सुटत नाही. 'अल्-जदीद-उ' म्हटले तर व्यवस्थापक नवा, 'अल्-जदीद-इ' म्हटले तर कार्यालय नवे. तो स्वर लिहिलेला नसेल तर वाक्यात दुसरा साक्षीदारच नाही. 'मक्तब'च्या जागी 'शरिका', म्हणजे कंपनी, असती तर 'अल्-जदीदा' आणि 'अल्-जदीद' असा भेद छपाईत दिसला असता. व्यवस्थापक कर्ता किंवा कर्म न होता अव्ययानंतर आला तर उच्चारातही भेद उरत नाही, कारण तेव्हा दोघांनाही जर्रच लागते. तुमच्या पत्रात 'संपर्क साधा' यासाठी 'इत्तसिल बि' वापरले असेल, तर पाठवणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवले असते तरी उलगडा झाला नसता.

मेघना_मस्कत

मग असे वाक्य लिहिताना अरबी लेखक काय करतो? वाचणाऱ्यावरच सोडून देतो?

खाडीकाठ

काळजी घेणारा लेखक जोडी फोडतो. व्यवस्थापक नवा असेल तर 'अल्-मुदीर अल्-जदीद लिल्-मक्तब' असे लिहितो. विशेषण आपल्या नामाला लगेच चिकटते आणि षष्ठीचे काम 'लि' हे अव्यय करते. कार्यालय नवे असेल तर मात्र 'मुदीर अल्-मक्तब अल्-जदीद' यापेक्षा सुटसुटीत दुसरे रूप चटकन सापडत नाही, म्हणून बहुतेक जण तेच लिहितात.

दोहाकर

म्हणजे 'लि' दिसला नाही तर कार्यालय नवे, असा अंदाज बांधता येईल का?

खाडीकाठ

लेखक काळजी घेणारा आहे याची खात्री असेल तर बांधावा. अनोळखी पत्रात मी फोन करून विचारतो.

शर्वरी_कुवेत

आमच्या शाळेतल्या अरबी बाई 'मुदीर अल्-मक्तब अल्-जदीद'चा अर्थ नेहमी 'नवा व्यवस्थापक' असाच घेत, कारण त्यांच्या मते विशेषण मुख्य नामाचेच मानावे. त्यामुळे खाडीकाठ साहेबांचा अंदाज सगळीकडे लागू होईल असे मला वाटत नाही. इथे आणखी कोणी अरबी पत्रव्यवहार करत असेल तर त्यांनी आपल्याकडची पद्धत जरूर लिहावी.